ज्या ढालीपुढे वाघ थकतो

सुरतेच्या पूर्वेस डांगच्या टेकड्या सुरू होतात, तेथपासून थेट सावंतवाडीच्या घाटांपर्यंत सह्याद्रीच्या या पश्चिम उतारावर एक असा प्राणी राहतो की, जो आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी प्रत्यक्ष पाहिला असेल. तो दिवसभर बिळात झोपतो, रात्री एकटाच हिंडतो, कोणाच्या शेताची नासाडी करीत नाही, कोणाची कोंबडी पळवीत नाही, कोणाला चावत नाही. कारण चावण्यासाठी लागणारे दातच त्याला नाहीत. आपण त्याला खवले मांजर म्हणतो. मांजराशी त्याचे साम्य नावापुरतेच. मात्र गंमत अशी की, प्राणिशास्त्रज्ञांनी वंशवृक्ष मांडून पाहिला तेव्हा या प्राण्याचे सर्वांत जवळचे नातलग मांजर-कुत्र्यांचा मांसभक्षक गणच निघाले. आमच्या खेडुतांनी दिलेले नाव तेवढ्यापुरते अगदीच वाया गेले नाही, असे म्हणावयास हरकत नाही. इंग्रजीत त्याला ‘पँगोलिन’ म्हणतात. हा शब्द मूळचा मलाय भाषेतला असून त्याचा अर्थ ‘गुंडाळून घेणारा’ असा आहे. या प्राण्याची सगळी कथा आणि सगळी व्यथा त्या एका शब्दात आली आहे.

ही गुंडाळी म्हणजे नेमके काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. भारतीय खवले मांजराच्या पाठीवर, कुशींवर, पायांच्या बाहेरच्या अंगावर आणि शेपटीवर मिळून सुमारे दीडशे ते दोनशे खवले असतात. ते माशाच्या खवल्यांसारखे पातळ नसतात. आपल्या घरावरील मंगलोरी कौले जशी एकावर एक चढवलेली असतात, तशी त्यांची मांडणी असते. प्रत्येक खवल्याचे टोक मागच्या खवल्यावर येते आणि दोहोंमध्ये फट राहत नाही. खवला ज्या द्रव्याचा बनलेला असतो ते द्रव्य केराटिन होय. आपली नखे, केस, गुरांची शिंगे आणि खूर हे सर्व त्याच द्रव्याचे. बिळे खणताना खवल्यांच्या कडा झिजतात आणि मुळाकडून ते वाढत राहतात. खवले आणि त्यांखालची कातडी यांचे वजन मिळून प्राण्याच्या एकूण वजनाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतके भरते. बारा किलोचा प्राणी धरला तर तीन ते चार किलो निव्वळ चिलखताचे झाले. एवढा बोजा आयुष्यभर अंगावर वागवावयाचा तर त्याचा मोबदलाही तसाच भक्कम मिळाला पाहिजे, आणि तो मिळतो.

मात्र हे चिलखत सर्वांगावर नाही. तोंडाचा पुढचा भाग, गळा, पोट आणि पायांची आतली बाजू उघडी असते; तेथे मऊ कातडी आणि विरळ केस एवढेच. धोक्याची चाहूल लागताच प्राणी डोके पोटाशी घेतो, चारी पाय आत ओढतो आणि जाड, स्नायूंनी भरलेली शेपटी वरून आणून सर्व उघड्या भागांवर झाकण घालतो. कातडीखाली पसरलेल्या स्नायूंच्या थराने मग सारे शरीर आवळले जाते. हा गोळा माणसाने दोन्ही हातांनी उलगडू म्हटले तरी सहजी उलगडत नाही. शेपटीवरील खवल्यांच्या कडा धारदार असतात. गोळा आवळताना त्यांच्यामध्ये बोट किंवा नाक सापडले तर चांगलेच चेंगरते. शिवाय शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून तो दुर्गंधी द्रव सोडतो. मादीजवळ पिल्लू असेल तर ती त्याला पोटाशी घेऊन त्याच्याभोवती गोळा करते. एरवी ते पिल्लू आईच्या शेपटीच्या मुळाशी बसून फिरते. जन्मतः पिल्लाचे खवले मऊ असतात आणि हळूहळू टणक होतात; तोवर आईचे चिलखत हेच त्याचे घर.

वाघ, बिबट्या, सिंह हे प्राणी अशा गोळ्यासमोर काय करतात, त्याची अनेक छायाचित्रे जगभर निघाली आहेत. पंजाने उलटेपालटे करावयाचे, दात लावून पाहावयाचे, पुन्हा पंजा मारावयाचा, आणि अखेर कंटाळून निघून जावयाचे. ही ढाल अभेद्य आहे असा दावा आम्ही करणार नाही. क्वचित एखादा बलाढ्य जनावर ती फोडतोही. पण जबड्याने गोलाकार वस्तूवर पकड बसत नाही आणि दाताला मऊ जागा सापडत नाही, या दोन साध्या गोष्टींवर हा प्राणी लक्षावधी वर्षे तगून राहिला. पळण्याची त्याला गरज पडली नाही, म्हणून त्याला वेगाने पळता येत नाही. लढण्याची गरज पडली नाही, म्हणून लढता येत नाही. पुढच्या पायांची लांब नखे वारुळ फोडण्यासाठी आहेत, शत्रूला ओरबाडण्यासाठी नव्हेत.

येथेच सारा घोटाळा आहे. जबड्याला जे जमत नाही ते माणसाच्या दोन हातांना सहज जमते. माणूस गोळा फोडीत बसत नाही. तो गोळा उचलून पोत्यात घालतो. वाघासमोर निश्चल राहणे हे खवले मांजराचे शहाणपण ठरते आणि माणसासमोर तेच त्याचा घात करते. बिबट्या मारावयाचा तर बंदूक, फास किंवा विष लागते, आणि मारणाऱ्याच्या जिवालाही धोका असतो. हरिण पकडावयाचे तर त्याच्यामागे धावावे लागते. हा प्राणी पकडण्यासाठी मात्र बीळ ओळखता येणारा एक मनुष्य, एक कुदळ आणि एक गोणपाट पुरते. बीळ ओळखणे तितकेसे अवघडही नाही. प्राणी आत असला म्हणजे तो तोंडाशी आतून माती लोटून घेतो. बाहेर ताज्या मातीचा ढीग आणि मागे बुजलेले तोंड दिसले की जाणकाराला आतले राहते घर कळते. सैल मातीत हे बीळ वीस फुटांपर्यंत लांब जाते, पण खणणाऱ्याला घाई नसते. तो खणतो, नाहीतर धूर करतो. आत कोंडलेला प्राणी बाहेर पडून पळून जात नाही. तो तेथेच गोळा होतो.

माणसाच्या इतर करामतींपुढेही ही युक्ती अशीच उलटते. दक्षिण आफ्रिकेत विजेच्या कुंपणाच्या खालच्या तारेला तेथले खवले मांजर पोट लावते, धक्का बसताच सवयीप्रमाणे अंग आवळून घेते, आणि तार त्याच गुंडाळीत अडकते. मग धक्क्यावर धक्के बसत राहतात आणि दर धक्क्याला पकड अधिकच घट्ट होते. त्या देशात या प्राण्याच्या मृत्यूंच्या मोठ्या कारणांत विजेच्या कुंपणांची गणना होते. डुकरांपासून शेताचे रक्षण करण्यासाठी आपल्याकडेही तारा लावल्या जातात, आणि काही ठिकाणी तर घरचा वीजप्रवाह थेट तारेत सोडण्याचा बेकायदा व जीवघेणा उद्योगही चालतो. शेतकऱ्याला डुकराचा उपद्रव किती सोसावा लागतो याची आम्हांला जाणीव आहे. परंतु खालची तार जमिनीपासून किती उंचीवर असावी, हा प्रश्न कुंपणासाठी अनुदान देणाऱ्यांनी तरी विचारात घ्यावयास हवा.

आता व्यापाराकडे वळू. या प्राण्याच्या सर्वमान्य आठ जाती आहेत. चार आशियातील आणि चार आफ्रिकेतील. आशियातील चिनी जातीची संख्या चीन आणि त्याच्या शेजारी देशांत शिकारीने घटली, तेव्हा व्यापाऱ्यांनी दुसऱ्या जातींकडे आणि मग आफ्रिकेकडे मोर्चा वळविला. मागणी दोन गोष्टींची: मांसाची आणि खवल्यांची. चीन व व्हिएतनाममधील धनिकांच्या मेजवानीत मांस प्रतिष्ठेचे मानले जाते. खवले भाजून, पूड करून चिनी पारंपरिक औषधांत घातले जात. अंगावर दूध येण्यासाठी, रक्ताभिसरणासाठी, त्वचारोगासाठी ते उपयोगी असल्याची तेथे समजूत. आपण कापून टाकलेल्या नखांत जे द्रव्य असते तेच त्या पुडीत असते. औषध म्हणून तिचा गुण सिद्ध झालेला नाही.

हा व्यापार किती मोठा आहे, ते एकाच उदाहरणाने कळेल. २०१९ च्या एप्रिल महिन्यात सिंगापूर बंदरात एकाच आठवड्यात दोन मालखेपा पकडल्या गेल्या. दोन्ही नायजेरियाहून व्हिएतनामला निघाल्या होत्या. पहिलीत १२.९ टन खवले होते आणि दुसरीत १२.७ टन. तेथील अधिकाऱ्यांच्या अंदाजाप्रमाणे एवढ्या खवल्यांसाठी सुमारे ३८ हजार प्राणी मारले गेले असले पाहिजेत. एक प्राणी मारला की खवले हाती येण्यासाठी तो उकळत्या पाण्यात टाकावा लागतो, म्हणजे ते सुटे होतात; या ३८ हजारांच्या बाबतीत ते कोठे, कोणत्या खेड्यात, किती हातांनी झाले असेल याची कल्पना करूनच अंगावर काटा येतो. आणि भर कशी पडणार? मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. उंदरा-सशांच्या हिशेबाने तूट भरून निघेल अशी आशा येथे करता येत नाही.

कायदे नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, हा प्राणी आहे. त्याची शिकार, विक्री, वाहतूक, एवढेच नव्हे तर नुसता एक खवला बाळगणे हाही गुन्हा ठरतो. कमीत कमी तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद अशी शिक्षा आहे. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या २०१६ सालच्या जोहान्सबर्ग येथील परिषदेत आठही जाती पहिल्या परिशिष्टात गेल्या आणि २०१७ च्या जानेवारीपासून त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. २०२० साली चीननेही या प्राण्याला सर्वोच्च संरक्षण दिले आणि त्याच वर्षीच्या आपल्या अधिकृत औषधसूचीतील कच्च्या द्रव्यांच्या यादीतून खवले काढून टाकले. काही तयार औषधांच्या पाठांत मात्र ते तेव्हाही राहिलेच. सिंगापूरची ती प्रचंड खेप २०१७ च्या बंदीनंतरची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे परिशिष्टांचे बळ कोठे संपते ते कळते.

हे सारे दूरदेशीचे झाले. आमचा विषय घरचा आहे. ‘ट्रॅफिक’ आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया’ या संस्थांनी २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत देशात पकडल्या गेलेल्या मालाचा हिशेब मांडला. ३४२ प्रकरणे आणि १,२०३ प्राणी. त्यांत ओडिशा पहिला, आणि दुसरा क्रमांक आपल्या महाराष्ट्राचा: ४७ प्रकरणे आणि १३५ प्राणी. पकडले गेले तेवढेच यात मोजले आहेत, हे वेगळे सांगावयास नको. या आकड्यांतली आणखी एक गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. देशभरातील जवळजवळ निम्म्या प्रकरणांत प्राणी जिवंत सापडला.

जिवंत का? परदेशात जाणाऱ्या खवल्यांसाठी प्राणी जिवंत ठेवण्याचे कारण नाही. पोत्यात भरलेले खवले लपविणे सोपे, नेणे सोपे. जिवंत प्राणी ठेवतो तो बहुतेक वेळा वेगळ्या गिऱ्हाइकाच्या शोधात असतो. मांडूळ सर्प आणि कासव यांच्याप्रमाणे खवले मांजराभोवतीही आपल्याकडे एक थोतांड उभे राहिले आहे: हा प्राणी घरात असला की पैशाचा पाऊस पडतो, गुप्तधन सापडते, कोणी मुंबईचा शेट वजनावर भाव लावून लाखो, कोट्यवधी रुपये मोजतो. एखाद्या वाडीतला तरुण काजूच्या बागेत हा प्राणी धरतो, मोबाईलवर त्याचे चित्रण करतो आणि मित्राला पाठवितो. तो मित्र दुसऱ्याला पाठवितो. चित्रणात प्राणी गोळा होऊन पडलेला असतो. पाहणाऱ्याला तो शांत, माणसाळलेला वाटतो. वस्तुतः ती भीतीची परमावधी असते. मध्यस्थ वाढत जातात, भाव वाढत जातो, गिऱ्हाईक काही येत नाही. दिवस जातात. मुंग्या आणि वाळवी यांवाचून दुसरे काही न खाणारा प्राणी गोणपाटात उपाशी, तहानलेला पडून राहतो. अखेर एक गिऱ्हाईक येतेच, आणि ते पोलिसांनी किंवा वनखात्याने पाठविलेले बनावट गिऱ्हाईक असते. मग लॉजच्या खोलीत किंवा महामार्गावरच्या ढाब्यापाशी धरपकड होते, वर्तमानपत्रांत ‘कोट्यवधींचे खवले मांजर जप्त’ अशा ठळक अक्षरांत बातमी येते.

या शेवटच्या ओळीबद्दल आम्हां वृत्तपत्रवाल्यांना आणि पोलीस खात्याला एकदा स्पष्ट बोलले पाहिजे. कोटी हा आकडा कोठून येतो? कायदेशीर बाजार नाही, पावती नाही, असा भाव देणारा कोणी सापडल्याचे दाखविता येत नाही. विकणाऱ्याने मनातल्या मनात मांडलेली रक्कम पंचनाम्यातून वृत्तपत्रात येते, आणि ती वाचून पुढच्या वाडीतला दुसरा तरुण कुदळ उचलतो. बातमीतून किंमत गाळावी आणि शिक्षेची वर्षे छापावीत, एवढा नियम तरी वृत्तपत्रांना पाळता येण्याजोगा आहे. बुवाबाजीविरुद्ध बोलताना आपण नेहमी देवाधर्माचा कैवार घेणाऱ्यांच्या रागाला भितो. येथे भिण्याचे काही कारण नाही. आमच्या माहितीच्या कोणत्याही व्रतात, कोणत्याही पूजाविधीत खवले मांजर कोंडून ठेवावयास सांगितलेले नाही. पैशाच्या पावसाचा हा विधी अलीकडच्या भोंदूंनी रचलेला आहे.

उलट कोकणातल्याच एका गावाने देवळाच्या अंगणातून नेमका उलटा मार्ग दाखविला आहे. चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही भाऊ काटदरे यांची संस्था वेळासच्या समुद्रकासवांसाठी आपल्या वाचकांना परिचित आहे. या संस्थेने रत्नागिरी जिल्ह्यात खवले मांजरांचे काम हाती घेतले. बिळांवर स्वयंचलित कॅमेरे लावले, गावोगाव माणसे जोडली. २०२० च्या १५ फेब्रुवारीस, जागतिक खवले मांजर दिनी, चिपळूण तालुक्यातील दुगवे गावात ‘खवलोत्सव’ झाला. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी जशी खांद्यावर नाचते तशी खवले मांजराच्या प्रतिकृतीची पालखी त्या दिवशी गावकऱ्यांनी नाचविली. शहरी मंडळींना हा भोळेपणा वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. बीळ कोठे आहे हे गावाला ठाऊक असते, वनखात्याला नसते. कुदळ घेऊन निघालेल्या माणसाला पाहणारा पहिला मनुष्य शेजारीच असतो. ज्या गावाने प्राण्याला एकदा पालखीत बसविले, तेथे तो शेजारी गप्प बसण्याचा संभव कमी होतो. ओडिशात, भुवनेश्वरजवळच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात खवले मांजराच्या प्रजननाचे केंद्र आहे आणि त्याला यशही आले आहे. पण बंदिवासात या प्राण्याला मुंग्या-वाळवीचा आहार पुरविणे आणि त्याला जगविणे किती कष्टाचे असते, हे तेथील अनुभवच सांगतो. प्राणी बिळात राहणे आणि बीळ गावाच्या नजरेखाली राहणे, याहून स्वस्त व्यवस्था आम्हांस दिसत नाही.

राहिला प्रश्न पकडलेल्या जिवंत प्राण्याचा. धरपकडीची छायाचित्रे निघतात, त्यांत अधिकारी ओळीने उभे असतात आणि पुढे टेबलावर गोळा झालेला प्राणी असतो. तो सुटला असे सर्वांना वाटते. पण आठ-दहा दिवस पोत्यात काढलेला प्राणी वरून ठीक दिसला तरी आतून खचलेला असतो. चिलखतामुळे त्याचे वाळलेले अंग दिसत नाही. गोळा सैल पडला असेल, हात लावूनही तो आवळत नसेल, तर ते माणसाळल्याचे नव्हे, शक्ती संपल्याचे लक्षण समजावे आणि पशुवैद्य तातडीने बोलवावा. प्राणी धडधाकट असेल तर ‘मुद्देमाल’ म्हणून त्याला कार्यालयात पिंजऱ्यात ठेवण्यात काय स्वारस्य आहे? न्यायालयाला पुरावा हवा असतो तो त्याच्या अस्तित्वाचा. पंचनामा, सर्व बाजूंनी छायाचित्रे, वजन, माप, पशुवैद्याचा दाखला आणि सोडण्याची परवानगी, एवढे काम मनात आणले तर एका दिवसात उरकते. जिल्ह्याच्या वनाधिकाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वीच दंडाधिकाऱ्यांशी बोलून याची एक ठराविक पद्धत लिहून ठेवावी आणि ती प्रत्येक परिक्षेत्र कार्यालयात व पोलीस ठाण्यात पाठवावी. प्राणी कोठून आणला हे आरोपीकडून त्याच दिवशी वदवून घ्यावे, म्हणजे त्याला भलत्याच डोंगरात न सोडता ज्या वारुळांवर तो वाढला त्यांच्याजवळ, काळोख पडल्यावर, माणसांची गर्दी न जमविता सोडता येईल. आणि ज्या कोणाला बागेत ताज्या मातीने बुजलेले बीळ दिसेल त्याने ते न उकरता वनखात्याच्या १९२६ या दूरध्वनी क्रमांकावर कळवावे. रस्त्यात प्राणी गोळा होऊन पडलेला दिसला तर गाडी थांबवून दिवे मंद करावेत. काही मिनिटे कोणी जवळ गेले नाही तर तो आपण होऊन उलगडतो आणि कडेच्या झुडपांत निघून जातो.